योनाची नौका आणि वाव: हिब्रू कथेतला काळ मराठीत आणताना

वाव, योद, रेश, दालेत ही चार अक्षरं स्वरचिन्हांशिवाय लिहिली, जशी ती तोराहच्या गुंडाळीत असतात, तर ती तीन प्रकारे वाचता येतात. वय्येरेद वाचलं तर अर्थ होतो ‘मग तो खाली उतरला’. वेयारद वाचलं तर बहुतेक ठिकाणी ‘आणि तो उतरेल’. वेयेरेद वाचलं तर ‘आणि तो उतरो’ किंवा ‘म्हणजे तो उतरेल’. अक्षरं तीच, धातूही तोच, यारद म्हणजे उतरणं. तरी एकात गोष्ट पुढे सरकते, दुसऱ्यात कुणीतरी योजना सांगतंय आणि तिसऱ्यात इच्छा आहे. बायबलच्या हिब्रूतून मराठीत कथा आणणारा प्रत्येक जण इथे अडखळतो. याचं कारण बहुतेकदा शब्दसंग्रह नसतो. शिकताना क्रियापदांना जी नावं दिली जातात, तीच वाट चुकवतात.

पहिल्या दोन महिन्यांत आपण दोन मुख्य रूपं शिकतो. कातल या रूपात कर्त्याची खूण शब्दाच्या शेवटी लागते: यारद, ‘तो उतरला’. यिक्तोल या रूपात ती सुरुवातीला लागते: येरेद, ‘तो उतरेल’ किंवा ‘तो उतरत असतो’. आजच्या इस्राएलमधल्या बोलीत पहिलं सरळ भूतकाळ आहे आणि दुसरं सरळ भविष्य, त्यामुळे ज्यांनी आधी आधुनिक हिब्रू शिकली आहे त्यांची समजूत आणखी घट्ट असते. मग उत्पत्तीचं किंवा योनाचं पुस्तक उघडलं की समोर येतं वय्येरेद. दिसायला वाव, म्हणजे ‘आणि’, अधिक ‘तो उतरेल’, अर्थ मात्र ‘तो उतरला’. बायबलमध्ये अशी यिक्तोलला वाव चिकटलेली, म्हणजे वय्यिक्तोल, रूपं सुमारे 15,000 आहेत. म्हणजे हा अपवाद नाही, कथा सांगण्याचा मुख्य रस्ताच हा आहे.

मध्ययुगातल्या ज्यू व्याकरणकारांनी याला नाव दिलं वाव हहिप्पुख, म्हणजे उलटवणारा वाव: तो भविष्याला लागला की भूतकाळ होतो आणि भूतकाळाला लागला की भविष्य. परीक्षेपुरता हा नियम चालतो. पण भाषांतराला बसलं की तो आड येतो, कारण मग प्रत्येक क्रियापदापाशी मनात एक कळ दाबली जाते आणि त्या रूपाचं कथेतलं काम नजरेतून सुटतं. खरी गोष्ट अशी, की वाव काहीच उलटवत नाही. फार पूर्वी यिक्तोलसारखी दिसणारी रूपं दोन होती. लांब रूप, यक्तुलू, अपुऱ्या किंवा पुढच्या क्रियेसाठी होतं. आखूड रूप, यक्तुल, घडून गेलेल्या घटनेसाठी आणि आज्ञा-इच्छेसाठी होतं. अक्कादियन भाषेत असंच आखूड रूप, इप्रुस, साध्या भूतकाळाचं काम करतं. हिब्रूत शेवटचे ऱ्हस्व स्वर गळून पडले आणि बहुतेक धातूंमध्ये दोन्ही रूपं एकसारखी दिसू लागली. भूतकाळातलं आखूड रूप एकटं फारसं टिकलं नाही, पण वावच्या आसऱ्याने कथेत टिकलं. 1868 साली जॉर्डनमधल्या धीबानला सापडलेल्या मेशा राजाच्या मोआबी शिलालेखातही हीच रचना आहे. ‘मी हे उच्चस्थान बांधलं’ हे तिथे वाव लावलेल्या अशाच रूपात कोरलंय, आणि तो लेख इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकातला आहे.

हे फक्त इतिहास म्हणून सांगत नाही. आखूडपणाची खूण आजही पानावर दिसते आणि वाचताना कामाला येते. उभं राहणं या धातूचं लांब रूप याकूम, पण कथेत येतं वय्याकोम. बांधणं: यिव्ने, पण वय्यिवेन. असणं: यिह्ये, पण वय्ही. येरेदमध्ये अक्षरं तीच राहतात, आघात मात्र शेवटच्या अवयवावरून मागे सरकतो. शाखव, म्हणजे आडवं होणं, अशा साध्या धातूत फरक दिसत नाही. तिथे वावच्या स्वराकडेच पाहावं लागतं. वावखाली पताह असेल आणि पुढच्या अक्षराच्या पोटात द्वित्वाचा ठिपका, दागेश, असेल तर ती कथा आहे. वावखाली नुसता शवा असेल तर ती कथा नाही. दोन जागी ही खूण लपते. योदखाली शवा असेल तर ठिपका गळतो, म्हणून वय्ही आणि वय्दब्बेर. आणि ‘मी’च्या रूपात सुरुवातीला आलेफ असतो, त्याला द्वित्व सोसत नाही, म्हणून वावचा स्वरच लांबतो: वाओमर, ‘मी म्हणालो’. या दोन जागा पाठ असल्या की चुकीचं वाचन निम्म्याहून अधिक टळतं.

उलट बाजूचं रूप, म्हणजे कातलला वाव लागलेलं वेकातल, रूथच्या तिसऱ्या अध्यायात फार स्वच्छ दिसतं. नामी आपल्या सुनेला रात्रीची योजना सांगते. क्रियापदं येतात ती अशी: वेराहत्स्त, वासाख्त, वेसाम्त, वेयारद्त. शेवटच्या खुणांवरून पाहिलं तर हा भूतकाळ: ‘तू न्हालीस, तेल लावलंस, कपडे घातलेस, उतरलीस’. पण सासू सूचना देतेय: ‘न्हाऊन घे, तेल लाव, कपडे घाल आणि खळ्यावर उतर.’ तीन ओळी पुढे, सहाव्या वचनात, कथा सांगणारा म्हणतो वत्तेरेद, ‘ती खळ्यावर उतरली’. एकच धातू, एकच जागा, एकच बाई. योजना सांगताना कातलचं रूप, घडल्याचं सांगताना यिक्तोलचं. ज्याच्या डोक्यात ‘कातल म्हणजे भूतकाळ’ बसलंय, त्याच्या हातून इथे रूथ सूचना मिळण्याआधीच खळ्यावर पोचते. मी नव्या वाचकाला हेच दोन शब्द शेजारी लिहून देतो. लांबलचक कोष्टकापेक्षा ते लवकर पटतं.

वेकातलमध्येही कानाला एक खूण असते. ‘मी’ आणि ‘तू’ (पुरुष) या रूपांत आघात बऱ्याचदा शेवटी सरकतो. आमार्ती, ‘मी म्हणालो’, यात जोर ‘मार’वर, ‘आणि मी म्हणेन’ या अर्थाच्या वेआमार्तीत जोर ‘ती’वर. छापील मसोरेटिक पाठात स्वराघाताची गायनचिन्हं सहसा आघाताच्या अवयवावरच असतात, म्हणून ती नुसती शोभा समजून ओलांडू नयेत.

आता प्रत्यक्ष काम. योनाच्या पहिल्या अध्यायातली तिसऱ्या ते सहाव्या वचनांची चार वचनं घेऊ. कथनाचं जवळजवळ सगळं व्याकरण त्यात आहे.

पहिल्या वाचनात मी मराठीचा एकही शब्द लिहीत नाही. फक्त क्रियापदं क्रमाने कागदावर उतरवतो आणि प्रत्येकाच्या पुढे एकच गोष्ट नोंदवतो: वाक्यात वाव थेट क्रियापदाला चिकटलाय, की मध्ये दुसरा शब्द आलाय. तिसऱ्या वचनात पाच रूपं मिळतात, पाचही चिकटलेली: वय्याकोम, वय्येरेद, वय्यिम्त्सा, वय्यित्तेन, वय्येरेद. उठला, उतरला, सापडलं, दिलं, पुन्हा उतरला. चौथ्या वचनात साखळी तुटते. वाव ‘परमेश्वर’ या नावाला लागतो आणि मागून कातल येतं, हेतील, ‘भिरकावला’. मग पुन्हा वय्ही, वादळ झालं. मग पुन्हा तुटते: वाव ‘नौका’ या शब्दाला, मागून हिश्शेवा. पाचव्यात खलाशांची तीन चिकटलेली रूपं आहेत: घाबरले, ओरडले, सामान भिरकावलं. मग तिसरी तूट: ‘आणि योना’, मागून यारद. त्यानंतर दोन चिकटलेली, वय्यिश्काव आणि वय्येरादाम. सहाव्यात कप्तान येतो: वय्यिक्राव, वय्योमेर.

या यादीत काळ कुठेच लिहिलेला नाही, फक्त साखळी आणि तुटी आहेत. चिकटलेलं रूप म्हणजे कथेचं पाऊल पुढे. वाव नावाला लागून मागून कातल आलं की सांगणारा थांबून म्हणतोय, ‘आता दुसरीकडे बघा’. ते दुसरीकडे म्हणजे मागे, की बाजूला, की समोर नवं दृश्य, हे तुटीच्या जागेवरून ठरवावं लागतं. गोंधळाचं खरं मूळ हेच. आपण रूपाकडून काळाची अपेक्षा करतो आणि रूप आपल्याला कथेची हालचाल सांगत असतं.

तीन तुटी एकेक करून पाहिल्या की हे स्पष्ट होतं. चौथ्या वचनात योना नौकेत उतरल्यावर परमेश्वर वारा सोडतो. म्हणून ‘भिरकावला होता’ असं केलं तर कथा बिघडते. वारा आधीच सुटला असता तर याफोच्या बंदरातून नौका हललीच नसती. ही तूट विरोधाची आहे: योनाने त्याचं केलं, आता परमेश्वर काय करतो ते बघा. याला मराठीत काळ बदलावा लागत नाही, ‘इकडे परमेश्वराने’ किंवा ‘परमेश्वराने मात्र’ एवढं पुरतं. दुसरी तूट नौकेची. हिश्शेवा लेहिश्शावेर म्हणजे शब्दशः नौकेने फुटण्याचा विचार केला. ही घटना नाही, त्या क्षणीची स्थिती आहे, आणि मराठीत नेमका शब्द तयार आहे: नौका फुटायच्या बेतात होती. ‘बेत’मध्ये विचारही आला आणि अगदी काठावर असणंही आलं.

तिसरी तूट खरी मागे जाणारी. खलाशी सामान समुद्रात टाकत असताना योना तळात उतरत नव्हता. वादळ उठण्याआधीच तो तिथे गेला होता. म्हणून इथे ‘उतरला होता’. ही ‘ला होता’ची जोड हिब्रूच्या रूपात नाही, मराठीला ती द्यावी लागते. आणि लगेच पुढची अडचण उभी राहते, जिथे चांगले भाषांतरकारही घसरतात. त्यानंतरची दोन रूपं, आडवा झाला आणि गाढ झोपला, वय्यिक्तोल आहेत. साखळीच्या नियमाने ती पुढचं पाऊल आहेत, पण पुढचं कशाच्या? आधीच्या क्रियापदाच्या, म्हणजे ‘उतरला होता’च्या. वय्यिक्तोल ज्या क्रियापदामागून येतं त्याच्याच काळाच्या पायरीवर उभं राहतं. म्हणून झोपणंही मागच्याच काळात. ‘योना तळात उतरला होता आणि तो झोपला’ असं लिहिलं तर मराठी वाचकाला वाटतं, खलाशांची धावपळ बघून हा माणूस आता झोपायला गेला. पुढचं वय्यिक्राव, ‘कप्तान जवळ आला’, मात्र परत वर्तमान प्रसंगात आलेलं आहे. वय्यिश्काव आणि वय्यिक्राव या दोन रूपांत तसूभर फरक नाही. परत फिरल्याचं कळतं ते कर्ता बदलल्यावरून आणि पुढे संवाद सुरू झाल्यावरून. म्हणून यादीत मी प्रत्येक चिकटलेल्या रूपाशेजारी ते कोणत्या क्रियापदाच्या मागून चाललंय, हे बाणाने दाखवतो. बाण चुकला की काळ चुकतो.

दुसऱ्या वाचनात मराठी सुरू होते आणि पहिला प्रश्न ‘आणि’चा असतो. हिब्रू कानाला वाव जाचत नाही, तो जवळजवळ क्रियापदाचाच भाग आहे. मराठीत तिसऱ्या वचनात पाच ‘आणि’ लिहिले तर वाक्य लंगडतं. सुदैवाने मराठीकडे अशा साखळीसाठी स्वतःचं साधन आहे: ऊनप्रत्ययान्त धातुसाधित. उठून, उतरून, देऊन. मराठीत हिब्रू बायबल आणण्याचं काम जुनं आहे. कोकणातल्या बेने इस्राएलांची भाषा मराठीच, आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली. या कामात हात घालणाऱ्या प्रत्येकाला ‘ऊन’ मोहात पाडतो, आणि तिथेच सावध राहावं लागतं.

सगळी क्रियापदं ‘ऊन’मध्ये घातली तर होतं असं: ‘योना उठून, याफोला उतरून, जहाज शोधून, भाडं देऊन त्यात चढला.’ वाक्य गुळगुळीत झालं, पण चार घटना पाचवीच्या तयारीला लागल्या. हिब्रूत पाचही पावलं सारख्या वजनाची आहेत. म्हणून ‘ऊन’ कुणाला द्यायचा हे ठरवताना मी विचारतो: ही घटना पुढे कथेत पुन्हा लागणार आहे का? ‘उठला’ लागतो, कारण आदल्याच वचनात परमेश्वर म्हणाला होता ‘ऊठ, जा’. योना उठतो, पण पळायला. तो शब्द ‘उठून’मध्ये विरघळला तर आज्ञा आणि तिचं उल्लंघन यांची गाठच सुटते. ‘उतरला’ही लागतो: याफोला उतरला, नौकेत उतरला, तळात उतरला, आणि दुसऱ्या अध्यायातल्या प्रार्थनेत डोंगरांच्या मुळाशी उतरला. चारही जागी यारद. म्हणून नौकेत ‘चढला’ हे मराठीत सहज येत असलं तरी मी ‘उतरला’च ठेवतो. भाडं देणं मात्र पुढे कुठेच येत नाही, ते खुशाल ‘देऊन’ होऊ शकतं.

दुसरी अट मराठीच्या व्याकरणाची. ‘ऊन’ आणि मुख्य क्रियापद यांचा कर्ता एकच लागतो. ‘याफोला उतरून त्याला जहाज मिळालं’ हे कानाला खटकतं, कारण मिळणारं जहाज आहे. तिथे ‘उतरल्यावर’ हवं, किंवा नवं वाक्य. चौथ्या-पाचव्या वचनात कर्ते भराभर बदलतात, परमेश्वर, वादळ, नौका, खलाशी, योना, म्हणून तिथे ‘ऊन’ जवळजवळ चालतच नाही. शिवाय हिब्रूत पाचही रूपांत कर्ता एकसारखा दिसतो, मराठीत मात्र ‘तो उतरला’ आणि ‘त्याने भाडं दिलं’ अशी उडी मारावी लागते. मुख्य क्रियापद अकर्मक निवडलं, ‘भाडं देऊन तो उतरला’, की ‘तो’ सलग राहतो आणि साखळीचा ओघ परत मिळतो. हा लहानसा उपाय पानभर कथेत फार उपयोगी पडतो.

वय्हीबद्दल थोडंसं. ‘आणि असे झाले की’ ही त्याची जुनी मराठी छाप आहे. काळदर्शक शब्द पुढे असेल, जसं रूथच्या पहिल्याच वचनात न्यायाधीशांच्या दिवसांचा उल्लेख आहे, तर तो वय्ही मराठीत सोडूनच द्यावा. काळ वाक्याच्या तोंडाशी ठेवला की काम झालं: ‘न्यायाधीशांच्या काळात देशात दुष्काळ पडला.’ योनाच्या चौथ्या वचनातला वय्ही मात्र खरं क्रियापद आहे, त्याला ‘वादळ उठलं’ हवंच.

हे सगळं जमवल्यावर ती वचनं माझ्या हातात साधारण अशी येतात:

‘योना उठला तो परमेश्वरासमोरून तार्शीशला पळून जायला. तो याफोला उतरला. तिथे त्याला तार्शीशला जाणारी नौका सापडली. तिचं भाडं देऊन तो त्या लोकांबरोबर तार्शीशला, परमेश्वरासमोरून दूर जायला तिच्यात उतरला. इकडे परमेश्वराने समुद्रावर प्रचंड वारा भिरकावला. समुद्रात मोठं वादळ उठलं, नौका फुटायच्या बेतात होती. खलाशी घाबरले, जो तो आपापल्या देवाचा धावा करू लागला, आणि भार हलका व्हावा म्हणून त्यांनी नौकेतलं सामान समुद्रात भिरकावलं. योना मात्र केव्हाच नौकेच्या तळात उतरला होता, आडवा होऊन गाढ झोपला होता. कप्तान त्याच्याजवळ आला आणि म्हणाला...’

यात मी मूळपेक्षा दोन शब्द जास्त घातले आहेत, ‘इकडे’ आणि ‘केव्हाच’, आणि ते कुठून आले हे मला दाखवता येतं: दोन्ही तुटींच्या जागी आहेत. ‘मात्र’ही तिसऱ्या तुटीचाच. साखळीच्या आत मी ‘मग’, ‘नंतर’, ‘तेव्हा’ असं काहीच पेरलेलं नाही, कारण मराठीत क्रियापदांचा क्रमच ते सांगतो. भिरकावणं दोन्हीकडे ठेवलं, कारण हिब्रूत वाऱ्याला आणि सामानाला एकच धातू आहे. पुढे पंधराव्या वचनात खलाशी योनालाच भिरकावतात.

तिसऱ्या वाचनात मूळ बाजूला ठेवून फक्त मराठी मोठ्याने वाचावी आणि प्रत्येक ‘ला होता’पाशी थांबून विचारावं, ही पायरी कुठे संपते. वरच्या उताऱ्यात ती ‘झोपला होता’पाशी संपते आणि ‘आला’ने वाचक परत डेकवर येतो. कुठे संपते हे ऐकणाऱ्याला सांगता आलं नाही, तर बाणांच्या यादीकडे परत जावं.

हीच यादी चौथ्या अध्यायाच्या पाचव्या वचनापाशी कामाला येते. देवाने निनवेला क्षमा केली, योना रागावला, देवाने त्याला प्रश्न विचारला, आणि मग येतं वय्येत्से: योना शहराबाहेर पडला आणि शहराचं काय होतं ते बघायला मांडव घालून बसला. क्षमा झाल्यावर आता काय बघायचं, म्हणून काही भाषांतरांत इथे ‘बाहेर पडला होता’ असं केलेलं आढळतं. मी तसं करत नाही. या लेखकाला मागे जायचं असतं तेव्हा तो साखळी तोडतो. पहिल्या अध्यायात ‘आणि योना उतरला होता’ तिथे तोडली, आणि दहाव्या वचनात ‘कारण त्याने त्यांना सांगितलं होतं’ असं कारण देतानाही कातलच वापरलं. चौथ्या अध्यायात तो साखळी तोडत नाही. देवाच्या प्रश्नाला उत्तर न देता योना उठून बाहेर जातो आणि अजूनही काहीतरी होईल म्हणून वाट बघत बसतो, असंच रूप सांगतंय, म्हणून मराठीत ‘बाहेर पडला’ एवढंच.